वाटा किती, घट किती

जानेवारी 2025 मध्ये माझ्या भाचीने मला एका रविवारी रात्री चौदा स्क्रीनशॉट पाठवले आणि खाली लिहिलं, "मावशी, बघ ना, रील्सच खातंय सगळं." ती नागपूरहून नोकरीसाठी दिल्लीत आलेली, लक्ष्मीनगरला पीजीत राहते, ऑफिस गुरुग्रामला. सकाळी शंभर टक्के भरलेला फोन संध्याकाळी परतीच्या मेट्रोत वीसच्या आसपास येतो आणि लक्ष्मीनगरला उतरून गल्लीतून पीजीपर्यंत चालत जाताना तिला फोन बंद पडण्याची धास्ती वाटते. दिल्लीतल्या हिवाळ्यात सहाला अंधार पडतो. त्यामुळे तिचा हा प्रश्न मला किरकोळ वाटला नाही.

तिने रोज रात्री फोन चार्जिंगला लावण्याआधी बॅटरीच्या वापराचं पान उघडून चित्र घेतलं होतं. ही पद्धत चांगली. एका दिवसाच्या चित्रावरून काहीच ठरवता येत नाही, सात दिवसांवरून बरंच ठरवता येतं. पण ही सात दिवसांची चित्रं वाचायची कशी, याबद्दल लोकांच्या मनात एक पक्का गैरसमज आहे, आणि तो गैरसमज तिच्या त्या एका वाक्यात होता. म्हणून तिचाच आठवडा समोर ठेवून हा सगळा प्रश्न पाहते.

आधी तारखांचा गोंधळ सोडवावा लागला. स्क्रीनशॉटवर वरच्या पट्टीत वेळ दिसते, बॅटरीचा आकडा दिसतो, पण तारीख दिसत नाही. तारीख असते फाइलच्या नावात, `Screenshot_20250113-223015.png` अशी: वर्ष, महिना, दिवस, मग तास-मिनिटं-सेकंद. भाचीने मात्र सगळी चित्रं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली. तिथे नाव बदलून `IMG-20250119-WA0004.jpg` असं होतं, म्हणजे पाठवल्याची तारीख लागते आणि काढल्याची पुसली जाते. चौदाही चित्रं 19 तारखेची. मी तिला तीच चित्रं पुन्हा, या वेळी डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितली. तसं पाठवलं की मूळ नाव टिकतं.

आता मुख्य गोष्ट. त्या पानावर अ‍ॅपच्या नावापुढे जो टक्का दिसतो, तो कशाचा टक्का? बहुतेकांना वाटतं, पूर्ण बॅटरीचा. रील्सपुढे 46 लिहिलंय म्हणजे शंभरातली 46 टक्के बॅटरी रील्सने खाल्ली. काही फोनांवर तसं असतंही. जुन्या अँड्रॉइडमध्ये शेवटच्या फुल चार्जनंतर बॅटरी जितकी उतरली, तितकीच यादीतल्या टक्क्यांची बेरीज येई. पण आयफोनवर आणि आजच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर तो टक्का असतो फक्त खर्च झालेल्या भागातला वाटा. बॅटरी शंभरावरून 66 वर आली, म्हणजे 34 खर्च झाले. त्या 34 मधला 46 टक्के वाटा रील्सचा. हिशेब केला तर जेमतेम सोळा.

आपल्या फोनवर यातला कुठला प्रकार आहे हे कळायला कुणाला विचारावं लागत नाही. यादीतले सगळे टक्के एकदा कागदावर बेरजेला घ्यायचे. बेरीज शंभराच्या आसपास आली आणि बॅटरी मात्र 34 नेच उतरलेली असली, तर तो वाटा आहे. बेरीजच चौतिसाच्या आसपास आली, तर तो सरळ बॅटरीचा टक्का आहे. एक टक्क्याहून लहान नोंदी यादीत दिसत नाहीत, म्हणून बेरीज दोन-चारने कमी पडते. त्याने निकाल बदलत नाही. आणखी एक बघायचं. बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर अ‍ॅपची यादी वेगळी आणि सिस्टिमची यादी वेगळी असते, वर एक छोटा मेनू दाबला की दुसरी उघडते. दोन्ही मिळून शंभर होत असतील तर ओळी एकमेकींशी ताडता येतात. प्रत्येक यादी स्वतंत्रपणे शंभर होत असेल तर एकीतला तीस आणि दुसरीतला तीस यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. भाचीच्या फोनवर दोन्ही याद्या मिळून बेरीज 97-98 येत होती, आणि तिने सुदैवाने रोज दोन्ही याद्यांची चित्रं काढली होती. सात दिवस, चौदा चित्रं.

बोलायला सोपं जावं म्हणून इथून पुढे दोन शब्द वेगळे ठेवते. यादीत दिसतो तो 'वाटा'. आणि वरच्या कोपऱ्यातला बॅटरीचा आकडा एकाने उतरला की तो एक 'अंक'. दिवसभरात एकूण जितके अंक उतरले ती त्या दिवसाची 'घट'. वाट्याला घटीने गुणून शंभराने भागलं की त्या अ‍ॅपने किती अंक खाल्ले ते मिळतं. पुढचं सगळं काम या एका गुणाकारावर उभं आहे.

भाचीची घट अशी होती: सोमवारी 78, मंगळवारी 84, बुधवारी 80, गुरुवारी 76, शुक्रवारी 88. शनिवारी 34 आणि रविवारी 30, कारण सुट्टीला ती पीजीतच होती, वायफायवर. रील्सच्या अ‍ॅपचा वाटा पाच दिवस 18, 16, 20, 17, 15 असा, आणि शनिवारी एकदम 46, रविवारी 52. तिच्या डोळ्यांत भरले ते हे शेवटचे दोन आकडे. तिने सातांची सरासरी काढली, 26 आली, आणि निकाल लावून टाकला.

आता गुणाकार करू. सोमवारी 78 चे 18 टक्के म्हणजे 14 अंक. मंगळवारी साडेतेरा. बुधवारी 16, गुरुवारी 13, शुक्रवारी 13. शनिवारी 34 चे 46 टक्के म्हणजे साडेपंधरा, आणि रविवारीही साडेपंधरा. म्हणजे यादीत जे अ‍ॅप 15 पासून 52 पर्यंत उड्या मारताना दिसत होतं, ते प्रत्यक्षात रोज तेरा ते सोळा अंक खात होतं. तिची सवय आठवडाभर जवळपास सारखीच होती. सुट्टीच्या दिवशी बाकीचा खर्च आटला, म्हणून तेवढाच घास ताटात मोठा दिसला.

मग कामाच्या दिवसांत जादा काय होतं? सिस्टिमच्या यादीत 'मोबाइल नेटवर्क' अशी एक ओळ असते. तिचा वाटा पाच दिवस 24, 29, 25, 25, 30 होता, सुट्टीला 8 आणि 7. साधी सरासरी 21, म्हणजे रील्सच्या 26 पेक्षा कमी. पण अंकांत मांडलं तर सोमवार ते शुक्रवार अनुक्रमे 19, 24, 20, 19 आणि 26 अंक, आणि सुट्टीला दोन ते पावणेतीन. आठवड्याची एकूण घट 470 अंक. त्यातले 113 नेटवर्कचे, 101 रील्सचे. क्रम उलटला. साध्या सरासरीने रील्स पहिलं, अंकांच्या बेरजेने नेटवर्क पहिलं. आणि ज्या दिवसांत तिचा फोन मरायला टेकत होता, ते पाच दिवसच धरले तर नेटवर्कचे सरासरी 22 अंक, रील्सचे 14.

टक्क्यांची सरासरी काढायची नाही, अंकांची बेरीज करायची, हे इतक्या ठामपणे मी का म्हणते ते यावरून दिसेल. वेगवेगळ्या घटीचे दिवस एकाच तराजूत टाकले की कमी वापराच्या दिवसाला जास्तीच्या दिवसाइतकंच वजन मिळतं. आयफोनवर दहा दिवसांचा एकत्र तक्ता जिथे दिसतो, तिथले वाटे त्या सगळ्या दिवसांच्या एकूण खर्चातले असतात, म्हणून ते वापरता येतात. पण तिथेही कामाचे आणि सुट्टीचे दिवस एकत्र मिसळलेले असतात. वेगळे बघायचे तर एकेका दिवसाचा दांडा दाबून बघावं लागतं.

नेटवर्कने एवढं का खावं याचं उत्तर अ‍ॅपच्या यादीत मिळत नाही, ते दिवसाच्या आलेखात मिळतं. तिच्या फोनवर आलेख दोन-दोन तासांच्या दांड्यांचा आहे आणि एकेक दांडा दाबला की त्या दोन तासांची यादी उघडते. सकाळच्या आठ ते दहाच्या दांड्यात बुधवारी 15 अंक उतरले होते, आणि स्क्रीन चालू होती फक्त 20 मिनिटं. संध्याकाळी सहा ते आठमध्ये तसंच. दुपारी ऑफिसात तेवढ्याच दोन तासांत सहा-सात अंक. म्हणजे खर्च तिच्या बोटांमुळे होत नव्हता, प्रवासात होत होता.

तिचा रस्ता बघा. लक्ष्मीनगरहून ब्लू लाइन, यमुना बँक, इंद्रप्रस्थ, सुप्रीम कोर्ट इथपर्यंत गाडी उघड्यावरून जाते. मंडी हाउसला ती जमिनीखाली शिरते. राजीव चौकला उतरून यलो लाइन, आणि मग पटेल चौक, केंद्रीय सचिवालय, आयएनए, एम्स, हौज खास असं करत थेट साकेतपर्यंत भुयारच. कुतुबमिनार स्टेशनला पुन्हा उजेड. राजीव चौकातली गर्दी आणि गाडी बदलणं धरून हा जमिनीखालचा तुकडा एका बाजूला पस्तीस-चाळीस मिनिटांचा आहे.

भुयारात सिग्नल नसतोच असं नाही. स्टेशनांत तो चांगला असतो, मधल्या पट्ट्यात कमी-जास्त होतो. फोनला त्रास होतो तो याच कमी-जास्त होण्याचा. टॉवरचं ऐकू येणं कमी झालं की फोन स्वतःचा आवाज चढवतो, म्हणजे अँटेनाची ताकद वाढवतो. मोबाइल फोनच्या प्रक्षेपणाची नेहमीची कमाल मर्यादा सुमारे 200 मिलिवॉट असते आणि ती गाठायला आतल्या अँप्लिफायरला त्याच्या कितीतरी पट वीज लागते. सिग्नल पूर्ण गेला की फोन गप्प बसत नाही, एकेक पट्टा चाचपत शोध घेत राहतो. शिवाय 5जी. दिल्लीत 1 ऑक्टोबर 2022 रोजी प्रगती मैदानावर त्याची सुरुवात झाली. काही जाळ्यांत 5जी चालू असताना 4जीचा दुवाही जोडीला धरून ठेवावा लागतो, आणि सिग्नल हलता असला की फोन या दोहोंत ये-जा करतो. या सगळ्यात भर म्हणजे भाची गाणी ऐकत होती, आणि ती फोनमध्ये उतरवून घेतलेली नव्हती, त्या क्षणी जाळ्यावरून येत होती. संक्रांतीच्या मंगळवारी आकडा चढला त्याचं कारणही तिने स्वतःच सांगितलं: दिवसभर घरी, आत्यांकडे, मैत्रिणींना तिळगुळाचे फोन.

आयफोनवाल्यांना हेच थोडं वेगळ्या रूपात दिसतं. तिथे कमी सिग्नलची सूचना कधी स्वतंत्र नोंद म्हणून, कधी अ‍ॅपच्या नावाखाली बारीक अक्षरात येते, `No Cell Coverage` अशा शब्दांत. ती ओळ डोळ्याआड करू नये. अ‍ॅपच्या नावाखाली `Background Activity` लिहिलेलं असेल तर ते अ‍ॅप तुम्ही उघडलं नव्हतं तरी मागे चालत होतं, एवढंच त्याचं म्हणणं. आणखी एक फरक मोठा आहे. आयफोनवर स्क्रीनची वीज त्या वेळी समोर असलेल्या अ‍ॅपच्या नावावर जाते. बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर स्क्रीनची स्वतंत्र ओळ असते. त्यामुळे मैत्रिणीच्या आयफोनवर रील्स 35 आणि आपल्या अँड्रॉइडवर 18, म्हणून आपला फोन बरा, असा निष्कर्ष काढता येत नाही. दोघींच्या चित्रांत त्या आकड्याचा अर्थच वेगळा आहे.

आता या आकड्यांवर किती विसंबायचं? यातली घट ही मोजलेली गोष्ट आहे. बॅटरीतून किती प्रवाह गेला हे मोजणारी एक चिप फोनमध्ये असते आणि कोपऱ्यातला आकडा तिच्यावरून येतो. पण त्या घटीची अ‍ॅपनिहाय वाटणी हा बहुतेक फोनांत अंदाज असतो. अँड्रॉइडमध्ये `power_profile.xml` नावाची एक फाइल असते. प्रोसेसर अमुक वेगाने चालला तर इतके मिलिअँपिअर, वायफाय चालू तर इतके, असे दर फोन बनवणारा त्यात लिहून देतो. कुठल्या अ‍ॅपने काय किती वेळ वापरलं याची नोंद फोन ठेवतो आणि या दरांनी बिल फाडतो. दर ढोबळ असला तर बिलही ढोबळ. शिवाय एखाद्या अ‍ॅपने आपलं काम सिस्टिमच्या सेवेकडून करून घेतलं, तर त्याचा खर्च पुष्कळदा त्या सेवेच्या नावावर पडतो. म्हणून दोन-तीन अंकांच्या फरकावरून मी कुणाला दोषी धरत नाही. पाच दिवस सलग एकच नोंद वरचढ राहिली आणि फरक सात-आठ अंकांचा असला, तरच बोलते.

मिलिअँपिअर-तासांत बोलायचं तर भाचीची बॅटरी 5000 मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे एक अंक 50 चा, आणि नेटवर्कचे 22 अंक म्हणजे साधारण अकराशे. फोन दोन-तीन वर्षं वापरून बॅटरीची क्षमता 80 टक्क्यांवर आली असेल तर तोच अंक 40 चा होतो. तेवढंच काम करणाऱ्या अ‍ॅपचे अंक मग जास्त दिसतात. जुना आणि नवा फोन ताडून बघायचा असेल तर अंकांना त्या-त्या फोनच्या एका अंकाच्या मिलिअँपिअर-तासांनी गुणून घ्यावं. दिल्लीच्या थंडीचा परिणामही असाच फसवा. पहाटे पाच-सहा अंश तापमानात, जॅकेटच्या बाहेरच्या खिशात ठेवलेली बॅटरी आतून जड होते, तिचा अडसर वाढतो आणि आकडा लवकर खाली येतो. तो दोष तेव्हा चालू असलेल्या एखाद्या गरीब अ‍ॅपच्या नावावर लागतो.

चित्रं घेताना होणाऱ्या दोन चुका मात्र हिशेबच उलटा करतात. पहिली, मधेच चार्ज करणं. गुरुवारी भाचीने ऑफिसात दहा मिनिटं चार्जर लावला होता. अशा दिवशी सकाळचा आकडा वजा रात्रीचा आकडा ही घट नव्हे. शंभरावरून 58 वर आला म्हणजे 42 उतरले, चार्ज होऊन 70 झाला, मग 36 वर आला म्हणजे आणखी 34, घट 76. ही अशी तुकड्यांनी मोजायची, आणि दोनदा चार्ज केलेल्या दिवशी ती शंभराच्या वरही जाऊ शकते. त्यासाठी आलेखाची रेघ वर कुठे चढली ते पाहायचं, म्हणून चित्रात आलेख पूर्ण आला पाहिजे. दुसरी चूक खिडकीची. काही फोन 'शेवटचे 24 तास' दाखवतात. सोमवारचं चित्र रात्री दहाला आणि मंगळवारचं संध्याकाळी सातला घेतलं, तर तीन तास दोन्हीकडे मोजले जातात. 'शेवटच्या फुल चार्जपासून' दाखवणाऱ्या फोनवर फोन पूर्ण भरण्याआधीच चार्जर काढला तर दोन दिवसांचा खर्च एकाच चित्रात येऊ शकतो. रोज एकाच वेळी, चार्जरला लावण्याआधी, हाच उपाय.

पुढच्या आठवड्यात आम्ही एकच प्रयोग केला. मंडी हाउस आलं की एअरप्लेन मोड चालू, साकेत सुटलं की बंद, परतताना उलट. गाणी आदल्या रात्री पीजीच्या वायफायवर उतरवून ठेवायची. चाळीस मिनिटं फोन लागणार नाही हे तिने घरी आधीच सांगून ठेवलं, नाहीतर नागपूरला काळजी. पाच दिवसांची घट आली 67, 71, 66, 68, 73. आधीची सरासरी 81, आता 69. नेटवर्कचा वाटा 12 ते 14 वर उतरला, म्हणजे रोज नऊ अंक. आधी होते 22. तेरा अंक नेटवर्कमधून गेले आणि एकूण घट बाराने कमी झाली. वाटणीचा आकडा अंदाजाचा आणि घटीचा मोजलेला, दोन्ही एकमेकांशी इतके जवळून जुळले तेव्हाच मी निदान पक्कं मानलं. यात किती एअरप्लेन मोडमुळे आणि किती उतरवलेल्या गाण्यांमुळे, हे मात्र सांगता येणार नाही. दोन बदल एकदम केले होते.

त्या शुक्रवारी भाचीचा पुन्हा मेसेज आला. "मावशी, रील्स वाढलंय! 15 चं 19 झालं." 73 चे 19 टक्के, चौदा अंक. आदल्या शुक्रवारी 88 चे 15 टक्के, तेरा अंक. ताट लहान झालं होतं, घास तेवढाच होता. मी तिला कागदावर गुणाकार करून फोटो पाठवला.

आता तिच्या यादीत एक ओळ उरली आहे. ऑफिसच्या हजेरीचं अ‍ॅप: स्क्रीनवर 4 मिनिटं, मागे 9 तास, वाटा 10. म्हणजे रोज सात अंक, सोमवार ते शुक्रवार, आणि सुट्टीला शून्य. त्याला ठिकाणाची परवानगी कायमची दिलेली आहे. ती 'अ‍ॅप वापरताना' एवढीच ठेवली तर हजेरी लागते का, हे तिने ऑफिसात विचारलंय. होकार आला की पुढच्या सोमवारपासून पुन्हा रोज रात्री साडेदहाला चित्रं, आणि या वेळी डॉक्युमेंट म्हणून.